क्यूसीची जागा, क्यूएची जागा: लेटर एक की दोन?

*ताई, मी बोईसरला एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये एक्झिक्युटिव्ह आहे, ४ वर्षं झाली. शिक्षण एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्री. आई-बाबा कुडाळला असतात, म्हणून गोव्याकडे बघते आहे. वेर्ण्याच्या एका कंपनीच्या वेबसाइटवर दोन जागा एकदम निघाल्यात: क्यूसीत सीनियर एक्झिक्युटिव्ह आणि क्यूएत एक्झिक्युटिव्ह. मला दोन्ही चालतील. मैत्रीण म्हणते, एकच कव्हर लेटर लिही आणि दोन्ही जागांचं नाव घाल, लपवाछपवी नको. भाऊ म्हणतो, दोन वेगळी लिही आणि एकीत दुसरीचं नावही काढू नकोस. शेवटची तारीख येत्या रविवारी आहे. काय करू?*
*— एक वाचक, बोईसर*

दोन लिहा. प्रत्येक जागेचं लेटर स्वतंत्र आणि पूर्ण असू द्या, आणि प्रत्येकात दुसऱ्या अर्जाबद्दल एक ओळ घाला. एकच ओळ, जास्त नाही.

मी बरीच वर्षं औषध कंपन्यांच्या भरतीच्या कामात आहे. 'अप्लाय' दाबल्यावर पलीकडे काय होतं ते सांगते, म्हणजे मी असं का म्हणते ते तुमच्या लक्षात येईल.

जागा निघते ती कुठल्यातरी विभागप्रमुखाच्या मागणीवरून. क्यूसीतलं कुणी सोडून गेलं की क्यूसी हेड मागणीपत्र भरतो, त्यावर प्लांट हेडची आणि एचआरची मंजुरी होते आणि त्या मागणीला एक नंबर पडतो. जाहिरातीच्या वर किंवा अगदी तळाशी 'जॉब आयडी' किंवा 'रिक्विझिशन नंबर' म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. तुमचा अर्ज त्या नंबराखाली जाऊन बसतो. तुमच्या दोन जागांचे नंबर वेगळे असतील, तर कंपनीच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली आहेत आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या टेबलावर जाणार आहेत.

एचआरच्या स्क्रीनवर मात्र तुम्ही एकच आहात. भरतीची सिस्टिम ईमेल आयडीवरून किंवा मोबाइल नंबरवरून माणूस ओळखते. तुमच्या नावावर क्लिक केलं की तुम्ही केलेले सगळे अर्ज, तारखांसकट, एकाखाली एक दिसतात. एचआर त्यातून निवड करते आणि क्यूसी हेडला त्याच्या जागेची यादी पाठवते, क्यूए हेडला त्याच्या जागेची. त्या यादीसोबत जातात सीव्ही आणि लेटर. म्हणजे तुमचं लिखाण दोन तऱ्हेचे लोक वाचणार आहेत. एक जण दोन्ही अर्ज पाहणारा, आणि दोघे असे की ज्यांच्या हातात फक्त आपापला कागद असेल. आता एकच लेटर त्या दोघांच्या हातात पडलं तर काय होईल, ते बघा.

क्यूसी हेड. त्याच्याकडे सॅम्पल्स साचलेली आहेत, स्टॅबिलिटीच्या सॅम्पल्सची तारीख चुकवून चालत नाही, आणि नवीन माणूस आला तरी त्याचं ॲनालिस्ट क्वालिफिकेशन होईपर्यंत तो स्वतंत्रपणे काम करून सही करू शकत नाही. म्हणजे माणूस घेऊन, शिकवून, उभा करायला त्याचे काही महिने जातात. त्यामुळे लेटर वाचताना त्याच्या मनात एकच भीती असते, हा माणूस किती टिकेल? आपल्या व्यवसायात क्यूसीतून क्यूएत जाण्याची ओढ किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. बेंचवरचं काम नको, सॉल्व्हंटचा वास नको, रात्रपाळी नको, म्हणून दर वर्षी कुणी ना कुणी क्यूएत बदली मागतोच. त्या माणसाने 'क्यूसी किंवा क्यूए, दोन्हींत काम करायला आवडेल' असं वाचलं की त्याला एवढंच कळतं की ही मुलगी क्यूसीतून आत येईल आणि वर्षभरात क्यूएचा रस्ता धरेल. तुमच्या मनात तसं नसेलही. पण कागदावर ते तसंच वाचलं जातं.

क्यूए हेडची अडचण निराळी. त्याला हवा असतो बॅच रेकॉर्ड तपासणारा, डेव्हिएशन आणि चेंज कंट्रोलची फाइल शेवटापर्यंत नेणारा, प्रॉडक्शनच्या लोकांशी बोलून त्यांच्याकडून कागद पूर्ण करून घेणारा माणूस. तुमची ४ वर्षं लॅबमध्ये गेली, म्हणून एकत्र लेटरमध्ये साहजिकच तीन चतुर्थांश मजकूर इन्स्ट्रुमेंट आणि टेस्टिंगचा होणार. क्यूएच्या वाट्याला शेवटची दोन वाक्यं उरणार. तो म्हणेल, चांगली ॲनालिस्ट आहे, क्यूसीकडे द्या. झालं. त्याच्या हातातून कागद गेला आणि क्यूसी हेडने तो आधीच बाजूला ठेवलेला असतो. एकत्र लेटरमध्ये असा दोन्हीकडून तोटा होतो, आणि कुणी तुम्हाला तसं कळवतही नाही.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं, लपवायचं नाही. भाऊ म्हणतात तसं दुसऱ्या अर्जाचं नावही काढलं नाही तरी एचआरला तो दिसतोच. मग क्यूसीच्या लेटरमध्ये 'मला लॅबमध्येच पुढे जायचं आहे' आणि क्यूएच्या लेटरमध्ये 'मला आता क्वालिटी सिस्टिममध्येच करिअर करायचं आहे', अशी दोन ठाम वाक्यं एकाच नावाखाली, एकाच दिवशी आलेली दिसली की एचआरचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. औषध कंपनीत हे जास्तच लागतं. डेटा इंटिग्रिटी शिकवणाऱ्या खात्यांत माणूस घ्यायचा आहे आणि त्याचेच दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, असं नको.

म्हणून ती एक ओळ. ती कुठे आणि कशी लिहायची यात थोडं बारकाईने बघा. सुरुवातीला नको, कारण पहिल्या परिच्छेदात विभागप्रमुखाला त्याच्या कामाचं काहीतरी दिसलं पाहिजे. अगदी शेवटचं वाक्य म्हणूनही नको, कारण तेच मग डोक्यात राहतं. नोटीस पीरियड आणि गोव्यात येण्याच्या तयारीबद्दल जिथे लिहाल, त्याच्या आधी घाला. लेटर इंग्रजीतच जाणार, मी मजकूर मराठीत देते. क्यूसीच्या लेटरमध्ये साधारण असं:

"याच प्लांटमधील क्यूए एक्झिक्युटिव्ह (जॉब आयडी अमुक) या जागेसाठीही मी स्वतंत्र अर्ज केला आहे, कारण ओओएस तपासणी आणि त्यांचे अहवाल हा माझ्या सध्याच्या कामाचा भाग आहे. या जागेसाठी माझ्या एचपीएलसी आणि डिसोल्युशनवरील कामाचा विचार व्हावा, ही विनंती."

क्यूएच्या लेटरमध्ये हेच उलट बाजूने. यात माफी नाही, 'मला कुठलीही जागा चालेल' असा सूर नाही, आणि पहिली पसंती कुठली तेही नाही. पसंती लेटरमध्ये मुद्दाम लिहू नका. क्यूएच्या लेटरमध्ये 'माझी पहिली पसंती क्यूसी' असं लिहिलंत तर क्यूए हेडने पुढे का वाचावं? पसंती विचारली जाईल ती एचआरच्या फोनवर. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता मुख्य काम. दोन लेटर लिहायची म्हणजे एक लिहून त्यात खात्याचं नाव बदलायचं, असं नाही. पण सगळं वेगळं शोधून आणायचीही गरज नाही. तुमच्यासारख्या अर्जदाराकडे एक अनुभव असा असतो जो दोन्हीकडे चालतो, फक्त त्याची वेगवेगळी बाजू दाखवावी लागते. तो म्हणजे ओओएस. ४ वर्षांत एखादी ओओएस तपासणी तुमच्या हातून गेली असेलच. समजा अशी:

एका टॅब्लेटच्या ॲसेचा रिझल्ट ८८.४ टक्के आला, मर्यादा ९०.० ते ११०.०. तुम्ही सोल्युशन्स फेकली नाहीत, सुपरवायझरला कळवलं. वजनं, डायल्युशन, स्टँडर्ड, सिस्टिम सुटेबिलिटी, कॅल्क्युलेशन, सगळं तपासलं, कुठे काही सापडलं नाही. मग फ्लास्क उजेडात धरून बघितला तर तळाशी पावडरचे बारीक कण दिसले, म्हणजे औषध पूर्ण उतरलेलं नव्हतं. एसओपीप्रमाणे मंजुरी घेऊन तेच सोल्युशन पुन्हा सोनिकेट केलं, रिझल्ट ९८च्या घरात आला. कारण निघालं ते असं की टेस्टिंगच्या पद्धतीत सोनिकेशनची मिनिटं लिहिली होती, पण मधे मधे फ्लास्क हलवायचा आणि कण राहिले नाहीत हे डोळ्यांनी बघायचं, हे लिहिलेलं नव्हतं. पुढे त्याच सॅम्पलमधून नवीन सोल्युशन करून रिटेस्ट झाली, पद्धतीत दुरुस्ती झाली, ॲनालिस्टना ट्रेनिंग दिलं, फाइल बंद झाली.

क्यूसीच्या लेटरमध्ये यातलं काय घ्यायचं? बेंचवर तुम्ही काय पाहिलंत ते. "ॲसेच्या एका ओओएसमध्ये प्राथमिक तपासणीत कॅल्क्युलेशन आणि इन्स्ट्रुमेंटमध्ये दोष आढळला नाही. सॅम्पल सोल्युशन जपून ठेवल्यामुळे फ्लास्कच्या तळाशी न विरघळलेले कण मला दिसले आणि अपुरं एक्स्ट्रॅक्शन हे कारण प्रत्यक्ष तपासून सिद्ध करता आलं." क्यूसी हेडला यातून कळतं की ही मुलगी घाबरून सोल्युशन ओतून टाकत नाही आणि पुन्हा पुन्हा इंजेक्शन मारून हवा तो रिझल्ट काढत बसत नाही. ही दोन्ही भयं त्याला रोज असतात. त्याच्या पुढच्या वाक्यात कोणती इन्स्ट्रुमेंट्स, कोणतं सॉफ्टवेअर, दिवसाला साधारण किती सॅम्पल्स, आणि तुम्ही एफडीए अप्रूव्हड केमिस्ट असाल तर केमिकल की इन्स्ट्रुमेंटल, हे घाला. अप्रूव्हल असेल तर क्यूसीच्या लेटरमध्ये ते पहिल्या चार ओळींतच दिसलं पाहिजे. नव्या कारखान्यात नाव पुन्हा नोंदवावं लागणार हे त्यांना माहीत असतं, पण एकदा अप्रूव्हल मिळालेला माणूस त्यांच्या दृष्टीने सोपा असतो.

क्यूएच्या लेटरमध्ये तीच ओओएस, पण फ्लास्क फक्त ओझरता. तिथे कागद कसा हलला ते सांगायचं. "तपासणीचा अहवाल मी लिहिला. मूळ कारण 'ॲनालिस्टची चूक' असं न ठेवता पद्धतीतील त्रुटीपर्यंत नेलं, त्याप्रमाणे कॅपामध्ये टेस्टिंग पद्धतीची दुरुस्ती आणि ट्रेनिंग सुचवलं, आणि नंतरच्या बॅचेसमध्ये हा प्रकार पुन्हा झाला नाही हे तपासून फाइल बंद झाली." क्यूएतल्या माणसाला 'ॲनालिस्टची चूक' हे उत्तर ऐकून ऐकून वीट आलेला असतो, कारण इन्स्पेक्टर त्यावरच बोट ठेवतो. तुम्ही त्याच्या पुढे गेलात हे त्या एका वाक्यात दिसतं. त्याच्या जोडीला एसओपी लिहिल्या किंवा सुधारल्या असतील, ऑडिटच्या वेळी लॅबचे रेकॉर्ड दाखवले असतील, स्टॅबिलिटीच्या डेटातून वार्षिक प्रॉडक्ट रिव्ह्यूसाठी तक्ते करून दिले असतील, ते लिहा. जे केलं नाही ते मात्र लिहू नका. लाइन क्लिअरन्स किंवा बॅच रेकॉर्ड रिव्ह्यू केलेला नसेल तर सरळ म्हणा, "प्रॉडक्शन फ्लोअरवरचा अनुभव मला नाही, तो मला घ्यायचा आहे." एक्झिक्युटिव्हच्या जागेला हे चालतं. उलट लपवलंत तर इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

एक खबरदारी. यातलं काहीही लिहिताना प्रॉडक्टचं नाव, बॅच नंबर, ग्राहकाचं नाव कुठेही येऊ देऊ नका. 'एक टॅब्लेट' एवढं पुरे. आताच्या कंपनीची गुपितं लेटरमध्ये मांडणारा माणूस उद्या आपलीही मांडेल, असा विचार समोरचा करतो, आणि तो रास्त आहे.

वेगळं काय ते झालं. आता जे दोन्हींत शब्दशः सारखं पाहिजे ते बघू, कारण चुका तिथेच होतात. नोकरीला लागल्याची तारीख, सध्याचं पद, सध्याचा पगार, नोटीस पीरियड आणि नोकरी बदलण्याचं कारण, हे दोन्ही अर्जांत एकच असलं पाहिजे. एकात 'जून' आणि दुसऱ्यात 'जुलै' असं झालं तरी एचआर विचारणार. कारण म्हणून कुडाळचं लिहायला हरकत नाही, उलट लिहाच. बाहेरून गोव्यात येणारा माणूस वर्षभरात परत जातो की काय, ही धास्ती तिथल्या एचआरला असते. 'माझं कुटुंब कुडाळला आहे, गोव्यात कायम राहण्याची तयारी आहे' या एका वाक्याने ती जाते. फक्त आई-बाबांची तब्येत, घरची अडचण वगैरेत शिरू नका.

सीव्हीचे दोन नमुने करावेत का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण लेटर वेगळी म्हटली की हा प्रश्न येतोच. घटना त्याच, क्रम वेगळा, एवढाच फरक ठेवा. क्यूसीच्या सीव्हीत इन्स्ट्रुमेंट्स आणि टेस्ट्स वर, क्यूएच्या सीव्हीत तपासण्या, एसओपी आणि ऑडिट वर. पदाचं नाव बदलू नका. 'क्यूसी एक्झिक्युटिव्ह'चं 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' करण्याचा मोह होतो, पण अनुभवाच्या दाखल्यावर काय छापून येणार आहे ते आठवा. आणि अपलोड करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. काही पोर्टल्स प्रत्येक अर्जाला वेगळी फाइल जोडून घेतात. काहींमध्ये सीव्ही प्रोफाइलला चिकटलेला असतो, आणि नवा टाकला की जुना जातो. तुमच्या पोर्टलवर दुसऱ्या प्रकारचं काही दिसलं तर दोन सीव्हीचा नाद सोडा. दोन्हीला चालेल असा एकच ठेवा आणि वेगळेपण लेटरमध्ये आणा. नाहीतर क्यूसी हेडकडे क्यूएचा सीव्ही जाईल. फाइलचं नाव देताना जागेचा नंबरही घाला, म्हणजे `CoverLetter_QC_JobID.pdf` असं काहीतरी. `final_new2.pdf` अशा नावाची फाइल चुकीच्या जागी जोडली गेली तर अपलोड करताना ते तुमच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या दोन जागांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लेटर किती यापेक्षा महत्त्वाची ठरू शकते. क्यूसीत तुम्ही सीनियर एक्झिक्युटिव्हसाठी अर्ज करता आहात आणि क्यूएत एक्झिक्युटिव्हसाठी. म्हणजे एकीकडे एक पायरी वर आणि दुसरीकडे आहे त्याच पायरीवर. एचआरला दोन्ही अर्ज एकाखाली एक दिसले की पहिला प्रश्न हाच पडतो की हिला बढती हवी आहे की नको? याचं उत्तर तुमच्याकडे आहे, ते फक्त क्यूएच्या लेटरमध्ये एका वाक्यात मांडा: "क्यूसीतील ४ वर्षांनंतर क्यूएत नव्याने सुरुवात करताना एक्झिक्युटिव्ह हे पद मला योग्य वाटतं." क्यूसीच्या लेटरमध्ये याबद्दल काहीच लिहू नका. तिथे ४ वर्षांवर सीनियर एक्झिक्युटिव्ह मागणं स्वाभाविकच आहे. अपेक्षित पगाराचा रकाना भरताना मात्र विचार करा. दोन जागांच्या ग्रेड वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे टाकले तर चालतात. पण क्यूएसाठी सध्याच्या पगारापेक्षा फारच कमी आकडा टाकलात, तर क्यूसीची ऑफर ठरवताना तोच आकडा समोर येईल. दोन्हींत जवळपासचा आकडा टाका.

आता एकच लेटर कधी चालतं तेही सांगते, कारण माझं 'दोन लिहा' हे दोन नंबर आणि दोन विभागप्रमुख असल्यामुळे आहे. वेर्ण्यात किंवा तुमच्याकडे तारापूर एमआयडीसीत लहान कारखाने असे आहेत की तिथे एकच क्वालिटी हेड क्यूसीचंही बघतो आणि क्यूएचंही. जाहिरातीत 'रिपोर्टिंग टू' पुढे दोन्हीकडे तेच पद असेल, किंवा अर्ज पोर्टलवर न मागवता एकाच एचआरच्या मेलवर मागवला असेल, तर एकच मेल आणि एकच लेटर पाठवा. त्याच माणसाला दोन लेटर गेली तर तो एक उघडतो आणि दुसरं राहून जातं. अशा लेटरची रचना मात्र वेगळी असते. विषयाच्या ओळीत दोन्ही पदं, पहिल्या वाक्यात दोन्ही जागांचा उल्लेख, मग क्यूसीचा एक परिच्छेद आणि क्यूएचा एक, आणि इथे पसंती स्पष्ट लिहायची, कारण वाचणारा आणि ठरवणारा एकच आहे आणि त्याला तुम्हाला कुठे बसवायचं तेच बघायचं असतं. एकाच नंबराखाली दोन-तीन जागा असतील, म्हणजे तीच पोस्ट पण वेगवेगळ्या शिफ्टला, तर प्रश्नच नाही, अर्जही एकच आणि लेटरही एकच.

जाहिरातीवरून कळलं नाही तर कंपनीत ओळखीचं कुणी आहे का बघा. आपल्या क्षेत्रात तारापूरचे लोक गोव्यात आणि गोव्याचे तारापुरात कायम येत-जात असतात, कुणी ना कुणी सापडतोच. त्याला एवढंच विचारायचं की क्यूसी आणि क्यूएचे हेड वेगळे आहेत का. तो रेफर करतो म्हणाला तर तुम्ही पोर्टलवर अर्ज करण्याआधी कसं रेफर करायचं ते त्याच्याकडून समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी आधी स्वतः अर्ज केला की मग रेफरल धरत नाहीत.

आता तो फोन. दोन्ही अर्ज पाहिल्यावर एचआर विचारणार, "मॅडम, तुम्हाला नक्की कुठली जागा हवी आहे?" 'कुठलीही चालेल' म्हणू नका. रविवारच्या आधी घरी बसून खरोखर ठरवा. रात्रपाळी, बेंच, पगार, पुढच्या पाच वर्षांत काय करायचं आहे, हे सगळं तुम्हालाच माहीत आहे. मला तुमच्या पत्रावरून त्याचा अंदाज करता येत नाही आणि तो करूही नये. ठरलं की असं काहीसं सांगा: "क्यूसीत मी पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडेन. क्यूएत शिकावं लागेल, पण तपासण्यांमुळे पाया आहे. दोन्हींत निवड करायची झाली तर मी क्यूसी घेईन." किंवा क्यूए. नाव घ्या आणि थांबा. एक नाव घेतल्याने दुसरी जागा जाते अशी भीती असते. तसं सहसा होत नाही, कारण एचआरला दोन्ही जागा भरायच्या असतात आणि स्पष्ट बोलणारा उमेदवार त्यांना विभागप्रमुखापुढे ठेवायला सोपा जातो.

फक्त एक लक्षात ठेवा. ही मुभा दोन जागांपुरती आहे, आणि तीही एकमेकींना लागून असलेल्या. त्याच कंपनीत उद्या रेग्युलेटरी अफेअर्सची आणि परवा आर ॲण्ड डीची जागा दिसली आणि तिथेही अर्ज टाकलात, तर नावाखाली चार ओळी दिसतील, आणि चारही ठिकाणी तुम्ही 'मिळेल ते घेणारी' ठरता.

रविवारपर्यंत वाट बघू नका, शेवटच्या दिवशी पोर्टल अडकतात. क्यूएचं लेटर आधी लिहा. ते अवघड आहे, कारण तिथे तुमच्या पदाचा आधार नाही, आणि ते जमलं की क्यूसीचं तासाभरात होतं. प्रत्येक लेटर एका पानात बसवा. दोन्ही तयार झाली की क्यूएच्या फाइलमध्ये `QC` हा शब्द शोधून बघा. तो तुमच्या सध्याच्या पदात, त्या एका ओळीत आणि एक्झिक्युटिव्ह पदाबद्दलच्या वाक्यात, एवढ्या तीनच ठिकाणी आला पाहिजे. आणखी कुठे आला तर तो परिच्छेद क्यूसीच्या लेटरमधून तसाच उचलला गेला आहे, तो पुन्हा लिहा.

अर्ज गेल्यावर दोन वेगळे पोचपावतीचे मेल यायला हवेत, दोन वेगळ्या जॉब आयडींचे. एकच आला तर पोर्टलवर लॉगिन करून तुमचे अर्ज तपासा, कारण कधी कधी दुसरा अर्ज 'सेव्ह' होतो पण 'सबमिट' होत नाही. आणि एका जागेसाठी 'निवड झाली नाही' असा आपोआप आलेला मेल आला तर दुसरा अर्ज मागे घेऊ नका, त्यात काही बदलूही नका. तो वेगळ्या टेबलावर आहे.